बिनअंड्याचा सांगितला होता, अंड्याचा केक गेला : कॅफेकडून जाहीर माफी

नाक्यावरची

नमस्कार. साताऱ्यात पोवई नाक्याजवळ माझा छोटा कॅफे आहे. ऑर्डर घेऊन आम्ही वाढदिवसाचे केकही करून देतो. गेल्या शनिवारी एका घरी आजींच्या पंच्याहत्तरीसाठी आमच्याकडून केक गेला. ऑर्डर होती एक किलो पायनॅपल, एगलेस. गेला तो अंड्याचा. आजी माळकरी आहेत, हे ऑर्डर देतानाच सुनेने काउंटरवर सांगितलं होतं.

औक्षण झाल्यावर आजींनी पहिला घास खाल्ला. सुनेला थोड्या वेळाने वास वेगळा वाटला म्हणून तिने लगेच दुकानात फोन केला. मी बाहेर होते. काउंटरवरून उत्तर गेलं, "ताई, इसेन्सचा वास असेल, आमच्याकडे अशी चूक होत नाही." कुणी आत जाऊन पाहिलं नाही, चिठ्ठी काढली नाही. त्या शब्दावर विश्वास ठेवून आजींनी आणखी एक तुकडा खाल्ला. मला सगळ्यात जास्त हेच खुपतंय. केक चुकला तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं, पण फोन आला तेव्हा थांबवणं आमच्या हातात होतं.

दुकान बंद करताना मी स्पंज मोजले. शनिवारी सकाळी व्हॅनिलाचे अंड्याचे 6 आणि एगलेस 9 स्पंज भाजले होते. ऑर्डरी अंड्याच्या 4 आणि एगलेस 7. म्हणजे दोन्हींचे दोन-दोन उरायला हवे होते. फ्रीजरमध्ये अंड्याचा 1 आणि एगलेस 3 निघाले. शंका घ्यायला जागाच राहिली नाही.

चूक कशी झाली तेही सांगते. आमच्या किचनमध्ये चिठ्ठीवर 'ई' म्हणजे एग आणि 'ईएल' म्हणजे एगलेस अशी जुनी पद्धत आहे. काउंटरवर सोमवारपासून नवा मुलगा आहे. त्याला ही पद्धत कुणीच सांगितली नव्हती. त्याने एगलेससाठी 'ई' लिहिलं आणि आत बेकरने अंड्याचा स्पंज घेतला. न सांगता पाळल्या जाणाऱ्या खुणेवर मी दुकान चालवत होते, त्यामुळे ही जबाबदारी माझी आहे.

रविवारी मी आणि माझे यजमान त्यांच्या घरी गेलो. सूनबाई दारात बोलल्या, आजी बाहेर आल्या नाहीत. पैसे मी परत केले. त्यांनी मागितले नव्हते.

इथे लिहिण्याचं कारण, आमच्याकडून केक नेणाऱ्या सगळ्यांना हे कळायला हवं. बाकीच्या दिवसांचा स्पंजचा हिशेब मी तपासला, तो जुळतो. त्यामुळे चूक त्या एकाच केकची आहे. यात कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर मी सर्वांची मनापासून माफी मागते.

कासपठार

ताई, इतकं मनाला लावून घेऊ नका. माझ्या भाचीच्या वाढदिवसाला एका दुकानाने केकवर दुसऱ्याच मुलीचं नाव लिहून दिलं होतं. पोरगी रडरड रडली. त्या दुकानदाराने दुसऱ्या दिवशी अर्धा किलोचा केक फुकट आणून दिला, विषय संपला. तुम्हीही एक चांगला केक घरपोच द्या.

तुळशीमाळ

कासपठार, नाव चुकलं तर ते पुसून पुन्हा लिहिता येतं. हे तसं नाही. माझी आई माळकरी आहे. वारीत, लग्नात, कुठेही गेली तरी आधी विचारणार, मगच तोंडात घालणार. हॉटेलात तर पाणीसुद्धा नको म्हणते. अशा माणसाने नातवंडांच्या हौसेखातर केकला हो म्हटलं, हीच मोठी गोष्ट होती. आता तिथे दुसरा केक घेऊन जाणं म्हणजे जखमेवर मीठ. कृपा करून तसं करू नका.

आमच्याकडे नकळत पोटात गेलेल्याचं पाप धरत नाहीत. पण ते बाहेरच्याने सांगायचं नसतं. ज्यांच्या हातून माळ घातली त्यांना आजी विचारतील, ते सांगतील तसं करतील. तुम्ही दारात जाऊन आलात ते बरं केलंत. आता थोडे दिवस थांबा.

आणि "भावना दुखावल्या असतील तर" ही ओळ काढा. आजींना जे झालं ते झालंय. वर तुम्ही स्वतःच ते स्पष्ट लिहिलंय, मग शेवटी 'असतील तर' कशाला?

कायद्याचं_बोला

भावना ठीक आहे, पण कायद्याने फार काही होत नाही. अंडं शाकाहारी की मांसाहारी यावर नियम स्पष्ट नाहीत, म्हणून तर निम्मी जनता अंड्याला व्हेज म्हणते. एगलेस सांगून एग दिला तर फार तर सेवेतली त्रुटी. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, त्याआधी 1915 या हेल्पलाइनवर सांगता येतं. पण ताईंनी पैसे परत केलेत, त्यामुळे प्रकरण मिटलं.

भट्टीवाला

मी कोल्हापुरात बरीच वर्षं बेकरी चालवली, आता मुलांना केक शिकवतो. आधी कायद्याचं. दोन वर्षांची मुदत आणि 1915 हे बरोबर. अंड्याचं मात्र चूक. अन्नसुरक्षेच्या लेबलच्या नियमात मांसाहारी पदार्थाच्या व्याख्येत अंडं स्पष्ट लिहिलंय. दूध आणि मध वगळलेत, अंडं वगळलेलं नाही. अंड्याच्या केकला हिरवा ठिपका चालत नाही, तपकिरी चौकटीत तपकिरी त्रिकोण लागतो. फक्त अंडंच असेल तर तसं सोबत लिहिता येतं. आणि पैसे परत दिले म्हणून तक्रारीचा हक्क आपोआप संपत नाही.

आता ताई, मुद्द्याचं. तुमचं "हिशेब जुळतो, त्यामुळे चूक एकाच केकची" हे वाक्य मला मान्य नाही. मोजदाद एका बाजूची चूक पकडते. शनिवारी एगलेसवाल्याला अंड्याचा गेला आणि उलट काही झालं नाही, म्हणून एक कमी, एक जास्त दिसलं. समजा दुसऱ्या एखाद्या दिवशी एगलेसवाल्याला अंड्याचा गेला आणि त्याच दिवशी अंड्याचा मागणाऱ्याला एगलेस गेला. फ्रीजरमध्ये उरलेला आकडा अगदी बरोबर येईल. जुळलेल्या हिशेबात उलटसुलट झालेली जोडी लपून बसते.

आणि अशी जोडी होणं अवघड नाही. त्या मुलाने एगलेससाठी 'ई' लिहिलं, मग अंड्याच्या ऑर्डरीला काय लिहीत होता? बहुतेक काहीच नाही. आणि तुमचा बेकर चिठ्ठीवर काही नसेल तर कुठला स्पंज घेतो?

नाक्यावरची

भट्टीवाला दादा, तुम्ही विचारलंत तेच मी आत्ता बेकरला विचारलं. चिठ्ठीवर काही नसलं तर तो एगलेस घेतो, कारण आमच्याकडे जास्त ऑर्डरी एगलेसच्याच असतात. आणि मुलगा अंड्याला कोरीच चिठ्ठी देत होता. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ती ओळ मी वरून काढते आहे. तुळशीमाळ, तुम्ही सांगितलेली ओळही काढते.

चिठ्ठ्या खिळ्याला लावलेल्या असतात, फेकलेल्या नाहीत. पण चिठ्ठीवर 'ई' दिसला तर तो मुलाचा 'ई' की जुन्या मुलीचा, हे कसं ओळखू? दुपारी दोघंही काउंटरवर असतात.

भट्टीवाला

अक्षरावर जाऊ नका. एगलेसला तुम्ही जादा पैसे घेता का? बहुतेक दुकानं घेतात. घेत असाल तर गिऱ्हाईकाने काय मागितलं ते बिल सांगेल आणि किचनला काय सांगितलं गेलं ते चिठ्ठी सांगेल. सोमवार ते शनिवार प्रत्येक केकचं बिल आणि चिठ्ठी शेजारी ठेवा. बिल एगलेसचं आणि चिठ्ठीवर नुसता 'ई', असे जेवढे निघतील तेवढे संशयित. बिल अंड्याचं आणि चिठ्ठी कोरी, ही त्याची दुसरी बाजू. ज्या दिवशी दोन्ही प्रकार निघतील आणि स्पंज एकाच जातीचा असेल, तो दिवस नीट बघा.

सज्जनगडकर

एवढा खटाटोप कशाला? उरलेला एखादा तुकडा असेल तर वासावरून कळतं. अंड्याचा केक कुठेही लपत नाही. ज्यांनी तक्रार केली नाही त्यांना बरोबरच मिळाला असणार.

भट्टीवाला

सज्जनगडकर, प्लेन व्हॅनिला स्पंज गरम असताना तुमचं म्हणणं खरं आहे. पण पायनॅपलच्या केकमध्ये स्पंजवर पायनॅपलचा पाक शिंपडलेला असतो, वर इसेन्स घातलेलं क्रीम, आणि तो फ्रीजमधून थंडगार निघतो. तिथे वास दबतो. चॉकलेटमध्ये तर जवळजवळ समजतच नाही. पोत बघितला तर अंदाज येतो. अंड्याचा स्पंज हलका असतो, बोटाने दाबला की परत वर येतो. दही-सोडा किंवा कंडेन्स्ड मिल्कचा स्पंज जरा जड, कापताना भुगा जास्त पडतो. पण आजकाल एगलेसचे प्रीमिक्स असे येतात की त्यातून चांगला मऊसूत स्पंज निघतो, आणि पाक मुरल्यावर माझाही अंदाज चुकू शकतो. ज्या घरात कधी अंडं शिजलंच नाही तिथल्या सुनेला वास आला, अंडं नेहमीचं असलेल्या घरात आला नसता. तक्रार नाही म्हणून केक बरोबर, हे धरून चालू नका.

आरूची_आई

मी हे वाचून हादरले आहे. माझ्या मुलाला अंड्याची ॲलर्जी आहे, चुकून पोटात गेलं तर अंगावर गांधी उठतात. नाक्याजवळच्या एका कॅफेतून मी बुधवारी एगलेस बटरस्कॉच पेस्ट्री नेली होती. तो तुमचाच कॅफे असेल तर? त्याला काही झालं नाही, पण पुढच्या महिन्यात त्याचा वाढदिवस आहे आणि मी तिथेच केक सांगणार होते. आता खुणा नीट केल्या तर एगलेस त्याला चालेल ना?

नाक्यावरची

ताई, पेस्ट्री आम्ही फक्त एगलेसच ठेवतो, त्यामुळे या चिठ्ठ्यांच्या गोंधळाशी तिचा संबंध नाही. पण वाढदिवसाचा केक आमच्याकडून घेऊ नका, मी स्पष्ट सांगते. आमच्याकडे क्रीम लावायचं फिरतं टेबल एकच आहे आणि फेटायचं मशीनही एकच. धुतो, पण ॲलर्जीसाठी तेवढं पुरेसं आहे असं मी तुम्हाला सांगू शकत नाही.

भट्टीवाला

हे उत्तर योग्य. आरूची आई, एगलेस म्हणजे त्यात अंडं घातलेलं नाही एवढंच. त्याच टेबलावर आधी अंड्याचा केक फिरला असेल, पाक लावायचा ब्रश एका स्पंजवरून दुसऱ्यावर गेला असेल, क्रीमची पिशवी तीच पुन्हा भरली असेल, तर बारीक भुगा इकडचा तिकडे जातो. तुमच्या मुलासाठी जिथे अंडं आतच येत नाही असं किचन शोधा, नाहीतर घरी करा. आणि किती अंशाने चालतं ते डॉक्टरांनाच विचारा, दुकानदाराला नाही.

तुळशीमाळ

मग हेच माळकऱ्यांनाही लागू नाही का? भुगा गेला म्हणजे गेलाच. मला वाटतं ताईंनी अंड्याचा केक पूर्ण बंद करावा. साताऱ्यात त्याने धंदा बसणार नाही.

कासपठार

माझं वरचं मत घाईत दिलं होतं, आजींचं नीट वाचलं नव्हतं. पण अंड्याचा बंद करा हे पटत नाही. आमच्या घरी अंड्याचाच लागतो. वेगळी भांडी ठेवा, बंद का?

एमआयडीसीवाला

मला एक विचारायचंय. त्या नव्या मुलाचं काय केलंत? माझ्या वर्कशॉपमध्ये चुकीचं ड्रॉइंग काढून जॉब बिघडवला तर पगारातून कापतात. शिस्त लागायला पाहिजे. आणि ते घर कुठलं हो? शाहूपुरीतलं का? माझ्या ओळखीच्या एका आजींची पंच्याहत्तरी शनिवारीच होती.

नाक्यावरची

दादा, घर कुठलं ते मी सांगणार नाही, कृपया इथे अंदाजही करू नका. आधीच त्यांना बरंच झालंय, त्यात लोकांचे फोन नकोत.

मुलाचा पगार कापलेला नाही. त्याला जे शिकवलंच नाही त्याची शिक्षा कशी देऊ? फोनवर "चूक होत नाही" म्हणणारी मुलगी जुनी आहे, तिच्याशी मात्र मी बोलले. तिचं म्हणणं, गर्दीत चार गिऱ्हाइकं समोर उभी असताना आत जाऊन कसं बघणार? तेही खोटं नाही. आता असं ठरवलंय की असा फोन आला की एकच उत्तर द्यायचं, "केक खायचा थांबवा, मी बघून पाच मिनिटांत फोन करते." आधी थांबवायचं, मग शोधायचं.

एमआयडीसीवाला

घराचं विचारलं ते मागे घेतो. पगाराचं माझं मत तेच आहे. चूक कुणाचीच नाही असं झालं की ती पुन्हा होते.

भट्टीवाला

वर्कशॉपमध्ये ड्रॉइंगवर माप लिहिलेलं असतं. इथे मापच लिहिलेलं नव्हतं, हा फरक आहे. असो.

ताई, 'ई' आणि 'ईएल' दोन्ही बंद करा. चिठ्ठीवर पूर्ण लिहा, 'अंड्याचा' किंवा 'बिनअंड्याचा'. कोरी चिठ्ठी आत आली तर बेकरने हात लावायचा नाही, परत काउंटरवर पाठवायची. अंदाजाने एगलेस घेणं ही त्याची चांगली सवय वाटते, पण त्यानेच चूक झाकली जाते.

दुसरं, चिठ्ठी भिंतीवर राहते आणि केक पुढे जातो, म्हणून खूण केकबरोबर चालली पाहिजे. केकखालचे पुठ्ठे सोनेरी आणि चंदेरी असे दोन्ही मिळतात. स्पंज फ्रीजरमधून काढला की लगेच पुठ्ठ्यावर ठेवायचा, बिनअंड्याचा चंदेरीवर, अंड्याचा सोनेरीवर. क्रीम लागलं की स्पंज दिसत नाही, पण पुठ्ठ्याची कड शेवटपर्यंत दिसते. गिऱ्हाइकासमोर बॉक्स उघडून नाव दाखवता, तेव्हाच पुठ्ठा दाखवून "बिनअंड्याचा" असं तोंडाने म्हणा. फ्रीजरमध्ये बिनअंड्याचे वरच्या कप्प्यात ठेवा, म्हणजे भुगा पडला तरी खाली पडेल.

आणि तुमच्या बॉक्सवर काय छापलंय?

नाक्यावरची

बॉक्स तयार मिळतात, सगळ्यांवर हिरवा ठिपका छापलेला आहे. अंड्याचे केकही त्यातूनच जात होते. आजींचाही त्यातूनच गेला. म्हणजे त्यांनी बॉक्स बघितला असता तरी तो शाकाहारीच दिसला असता. तुम्ही विचारेपर्यंत माझं लक्षच गेलं नव्हतं. आज संध्याकाळपासून अंड्याचे केक कोऱ्या पांढऱ्या बॉक्समधून देते, वर त्रिकोणाचं स्टिकर आणि 'यात अंडं आहे' असं लिहून. छापलेल्या बॉक्सचा मोठा गठ्ठा पडून आहे, तो फक्त बिनअंड्याच्या केकसाठी वापरीन.

कायद्याचं_बोला

अंड्याचा नियम मी नंतर वाचला, भट्टीवाला बरोबर आहेत. ठिपक्याचं इथे जाहीर लिहिलंत, हे उद्या तुमच्याविरुद्ध वापरलं जाऊ शकतं, एवढं लक्षात ठेवा. वकील म्हणून मी लिहू नका असंच सांगितलं असतं.

तुळशीमाळ

आणि मी म्हणेन, हे लिहिलंत म्हणूनच आधीचं सगळं खरं वाटतंय.

नाक्यावरची

बिलं आणि चिठ्ठ्या लावून झाल्या. एगलेसला आम्ही जादा पैसे घेतो, त्यामुळे बिलावरून सगळं स्पष्ट कळलं.

सोमवार ते शनिवार, बिल एगलेसचं आणि चिठ्ठीवर नुसता 'ई' अशा 7 ऑर्डरी निघाल्या, शनिवारचा तो केक धरून. बेकरला त्यातल्या 3 नीट आठवतात, कारण त्याने 'ई' बघून काउंटरवर ओरडून विचारलं होतं आणि एगलेसच घेतला होता. शनिवारी गर्दीत विचारलं नाही. राहिल्या 3. बुधवारी चॉकलेटच्या एकाच केकवर 'ई' होता, आणि त्या दिवशी चॉकलेटचे अंड्याचे स्पंज भाजलेच नव्हते, फ्रीजरमध्येही आधीचे नव्हते. तो केक बिनअंड्याचाच असणार.

गुरुवार आणि शुक्रवारचं मात्र भट्टीवाला दादा म्हणाले तसंच निघालं. दोन्ही दिवशी व्हॅनिला स्पंजची एक 'ई' चिठ्ठी आणि अंड्याच्या बिलाची एक कोरी चिठ्ठी आहे. हिशेब जुळतो, आणि त्या जुळण्याला काही अर्थ नाही. त्या केकमध्ये काय गेलं हे मी आता खात्रीने सांगू शकत नाही.

गुरुवारच्या ताईंना फोन लागला. त्यांना सगळं सांगितलं. त्या घरी अंडं खातात, एगलेस फक्त पाहुण्यांसाठी घेतला होता. पाहुण्यांना त्या स्वतः कळवणार आहेत. त्या रागावल्या आणि पैसे परत घेतले.

शुक्रवारच्या चिठ्ठीवर फोन नंबर नाही. अर्धा किलो बटरस्कॉच, एगलेस, दुपारी एकच्या सुमारास दुकानातून नेला, रोख पैसे. वर नाव घातलेलं नव्हतं, नुसतं 'हॅपी बर्थडे' होतं. बॉक्स हिरव्या ठिपक्याचा. हा केक ज्यांनी नेला असेल त्यांनी कृपया दुकानात यावं किंवा मला इथे निरोप टाकावा. तुमच्या ओळखीत शुक्रवारी कुणाचा वाढदिवस असेल तर त्यांना हे वाचायला द्या. दुकानाच्या दारावरही मी हाच मजकूर लावला आहे.

आरूची_आई

शुक्रवारी आमच्या सोसायटीत एका मुलीचा वाढदिवस होता, बटरस्कॉचच होता. कुठून आणला ते माहीत नाही. संध्याकाळी विचारून सांगते.